पांढरा खांदा

अवद काकांना वाचता येत नाही, असा आमच्या हॉस्पिटलात समज होता. तो खोटा होता. काका वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचे आणि बातम्यांवर शिव्याही द्यायचे. पण सिलिंडरवरची चिठ्ठी ते वाचत नसत. आमच्या मअल्ला बंदराच्या खाऱ्या वाऱ्यात कुठलीच चिठ्ठी दोन महिन्यांच्या वर टिकत नाही. अडतीस वर्षं गॅसची खोली सांभाळलेल्या माणसाला न टिकणाऱ्या गोष्टीवर विसंबायची सवय कशी लागेल? ते रंग बघायचे.

मी भूल विभागातली तंत्रज्ञ. पहिल्या दिवशी मला त्यांच्याकडे पाठवलं तेव्हा त्यांनी मला त्या खोलीच्या दारात उभं केलं आणि आत पाऊल टाकू दिलं नाही.

"इथूनच सांग, पोरी. काय काय दिसतंय?"

मी चिठ्ठ्या दिसतात का म्हणून मान पुढे काढली, तर त्यांनी माझ्या कपाळावर बोट ठेवून मला मागे ढकललं. "ऑपरेशन चालू आहे. दिवे गेलेत. डॉक्टर बोंबलतोय. तू काय चष्मा पुसत बसणार? निळा हसवणारा वायू. राखाडी कार्बन डायऑक्साइड. पांढरा ऑक्सिजन. पांढऱ्यावर काळं असेल तर साधी हवा. हात पोचायच्या आधी डोळा पोचला पाहिजे."

मी तेव्हा बावीस वर्षांची आणि नुकतीच पास झालेली, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नसे. मी म्हटलं, "काका, आम्हाला शिकवलंय, चिठ्ठी आधी, रंग नंतर. रंग देशोदेशी वेगळा असतो."

"म्हणूनच तर सगळ्यांनी मिळून एक ठरवलाय ना! जहाजवाल्यांची निशाणं असतात तशी. प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं रंगवायला लागलं तर माणसं मरतील." मग म्हणाले, "मरायचीच. आधी मरायचीच."

इंग्रजांच्या वेळचे ऑक्सिजनचे सिलिंडर अंगानं काळे असत आणि फक्त खांदा, म्हणजे वरचा नळाखालचा उतार, पांढरा असे. वेल्डिंगवाल्यांचा ऑक्सिजन मात्र नखशिखांत काळा. काका गोदीच्या वर्कशॉपमध्ये त्याच रंगांत वाढलेले. पुढे मंत्रालयाचं पत्र आलं की आता जगाचा नियम पाळायचा, ऑक्सिजन सबंध पांढरा करायचा आणि गॅस कोणता ते खांद्याच्या रंगावरून ठरवायचं. त्याच पत्रात खाली एक ओळ होती: काळा म्हणजे नायट्रोजन. आमच्याकडे नायट्रोजन येतच नव्हता. काकांनी ती ओळ वाचली असणार, पण ती त्यांच्या काही कामाची नव्हती.

आणखी एक नियम होता, तोही सांगून टाकते. सिलिंडर रंगवायचा हक्क फक्त तो भरणाऱ्याचा. दुसऱ्या कुणी त्याला ब्रश लावायचा नाही. पण मदत म्हणून येणारे सिलिंडर कधी अमेरिकन पद्धतीचे हिरवे यायचे, कधी आणखी कसले. कंपनीची माणसं येईपर्यंत वाट बघायची तर वर्ष जायचं. मग काका आत काय आहे त्याची खात्री करून घ्यायचे आणि फूता, म्हणजे कमरेची लुंगी, गुडघ्यापर्यंत खोचून स्वतःच रंगवायला बसायचे. इतकं नीट रंगवायचे की भरणाऱ्या कंपनीचा माणूसही एकदा म्हणाला, आमच्याकडे या कामाला. सगळ्या शहरात, खाडीपलीकडे बुरैकापर्यंत, अवद बाहारूनच्या हातचा पांढरा रंग म्हणजे ऑक्सिजन, यात कुणाला शंका नव्हती.

काकांची बायको शफीका खाला त्या खोलीला सवत म्हणायची. "माझ्या सवतीला रंग लावून झाला का?" असं विचारत ती दुपारचा डबा घेऊन यायची, आणि डब्यात मासा असला तर माझा वाटा वेगळ्या वाटीत असायचा. "ही पोरगी हाडं हाडं झालीय, अवद. गॅसच खाते वाटतं." मला आई नव्हती. खालाला जवळ मूल नव्हतं, एकुलता एक मुलगा जिद्दाला जाऊन तिकडचाच झाला होता. आम्ही दोघींनी एकमेकींची सोय बघितली, इतकंच.

लढाई शहरात शिरली त्या उन्हाळ्यात खाला आजारी पडली. दमा जुनाच, त्यात बारा दिवस तळघरात धुळीत बसून काढलेले, त्याचा न्यूमोनिया झाला. काकांनी तिला सामानाच्या हातगाडीवर घालून आणलं. आमच्याकडे हवेतून ऑक्सिजन काढणारं एक यंत्र होतं. ते मिनिटाला पाच लिटरच्या वर जात नसे आणि त्यावर दोन अशक्त बाळं होती. खालाला दहा लिटर लागत होते, म्हणजे सिलिंडरच हवा. मोठा सिलिंडर दहा लिटरनं जेमतेम अर्धा दिवस जातो.

चौथ्या दिवशी ती सुधारायला लागली. बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातला ऑक्सिजन त्र्याण्णव टक्के दिसायला लागला. मास्क बाजूला करून तिनं मला विचारलं, "रमजानच्या आत घरी जाईन ना गं? याला साधा भात करता येत नाही."

"जाल. मास्क लावा आधी."

"माझी सासूसुद्धा एवढी ओरडत नव्हती."

पण खोलीत आता दोनच पांढरे उरले होते. ऑक्सिजनचा कारखाना लढाईच्या पलीकडे, आणि मधला रस्ता बंद. फोनचं नेटवर्क आठवड्यापूर्वीच गेलं होतं. डॉक्टर अक्लान दर तासाला येऊन काट्याकडे बघायचे, जणू बघितल्यानं तो वर सरकणार होता.

काका म्हणाले, "समुद्राकाठी हुजैफच्या यार्डात जातो. तिथं वेल्डिंगचा ऑक्सिजन असतो. वेळ आली तर तोही चालतो, आत तेच असतं."

ते पहाटे गेले आणि दहाच्या सुमाराला हातगाडी ओढत परत आले. गाडीवर चार सिलिंडर आडवे बांधलेले. अंग काळं, आणि खांदे पांढरेशुभ्र, रंग अजून बोटाला लागत होता.

"सात सापडले!" घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. "मागच्या शेडमध्ये एका तेलकंपनीचा माल पडलेला. ती कंपनी गेली पळून, मार्चमध्येच. रखवालदार म्हणाला, न्या काय न्यायचं ते. सगळे काळे, सगळे भरलेले. तिथंच बसून खांदे रंगवले. आता कुणाला शंका नको. तीन बुरैकाच्या शाळेतल्या दवाखान्याला पाठवले, सालमीनच्या होडीतून. त्यांचीही माणसं तडफडतायत."

मी खांदा बघितला. मग सवयीनं विचारलं, "काका, चिठ्ठी?"

"उन्हानं गेली. कोपराच तेवढा उरलाय कागदाचा." ते हसले. "मला इथं अडतीस वर्षं झाली, अजून चिठ्ठी मागतेस?"

नळाचा आटाही, म्हणजे फिरवून बसवायचा पेच, बरोबर बसला. छोट्या सिलिंडरांना प्रत्येक गॅसच्या वेगळ्या खिळ्या असतात, चुकीचा बसतच नाही. पण आमच्याकडच्या जुन्या इंग्रजी पद्धतीच्या मोठ्या सिलिंडरांत ऑक्सिजनचा आणि नायट्रोजनचा आटा एकच. हे मला ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलं होतं. त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्यासमोर पांढरा खांदा होता.

खालाचा जुना सिलिंडर संपत आला होता. काकांनी स्वतः पाना फिरवून नवा जोडला, बायकोच्या उशाशी उभे राहिले आणि म्हणाले, "घे. तुझ्यासाठी समुद्राकाठचा माल आणलाय."

"सवतीकडूनच ना?" ती मास्कमधून म्हणाली.

उरलेले तीन खोलीत लावायला काका गेले. मी प्रवाह दाखवणाऱ्या काचनळीतली गोळी दहा लिटरवर स्थिर केली आणि नाडी लिहायला वळले.

मिनिटभरानं यंत्रावर अठ्ठ्याऐंशी दिसलं. मला वाटलं, बदलताना खंड पडला असेल. मग एक्क्याऐंशी. मी गोळी पंधरावर नेली. खालानं हात वर करून मास्क काढला. "डोकं हलकं होतंय गं," ती म्हणाली, आणि तिच्या ओठांवर निळी झाक आली होती. मी म्हटलं, "खाला, हट्ट नको, याच्याशिवाय जमणार नाही," आणि मास्क परत लावला, पट्टी घट्ट केली. तिनं पुन्हा काढला. या वेळी नुसती माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. मी परत लावला आणि हातानं दाबून धरला.

मग तिचे डोळे वर गेले. मी डॉक्टरांना हाक मारली, हातानं दाबून श्वास द्यायचा फुगा आणला, त्याची नळी त्याच सिलिंडरला जोडली आणि दाबत राहिले. डॉक्टर छाती दाबत होते. जितका जास्त देत होते तितकी ती दूर जात होती. वीस मिनिटांनी डॉक्टर अक्लान थांबले.

काका दारात उभे होते. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी येऊन तिच्या पायांवरची चादर सारखी केली आणि तिथंच खाली बसले.

बायका आंघोळ घालायला आल्या. गोळाबार थांबलाय तोवर, दुपारच्या नमाजानंतर लगेच दफन करायचं ठरलं. त्या दिवसांत मेलेल्यालाही घाई करावी लागायची. मी वॉर्डात एकटी राहिले आणि मला त्या आकड्यांचं काही कळेना. सकाळी त्र्याण्णव. सिलिंडर बदलला आणि तीन मिनिटांत सगळं संपलं. न्यूमोनिया असा येत नाही. माझं मन दुसरीकडे पळत होतं, हृदयच बंद पडलं असेल, गुठळी अडकली असेल. पण नजर सारखी सिलिंडरकडे जात होती.

ऑक्सिजन मोजायचं यंत्र होतं, पण त्यातला सेन्सर वर्षापूर्वीच मेला होता. मी पुढे जे केलं ते कुणी करू नये. मी तो सिलिंडर एका शिपायाच्या मदतीनं मागच्या मोकळ्या अंगणात नेला. बायकांनी ऊद जाळायला धुपाटणं पेटवलं होतं, त्यातून चिमट्यानं एक बारीक निखारा उचलला. शिपायाला लांब उभं केलं. नळी हातभर दूर धरून नळ किंचित उघडला आणि निखारा तिच्या तोंडाशी नेला. ऑक्सिजन असता तर निखारा भडकून पांढरा झाला असता.

तो काळा पडला. मी नळी बाजूला केली, तर पुन्हा लाल झाला. परत नेला, परत काळा.

मी खिळ्यानं खांद्यावरचा ताजा पांढरा रंग खरवडला. खाली काळ्या रंगाचे जुने थर होते. त्यांच्याखाली पोलादात अक्षरं ठोकलेली होती. बोटानं चाचपली तरी कळत होती. नायट्रोजन. तेलकंपन्या त्यानं आपल्या पाइपलाइनी तपासतात. नव्या नियमाप्रमाणे त्याचा खांदा काळाच असायला हवा होता, आणि तो काळाच होता. कंपनीनं काही चूक केली नव्हती. चूक आमची होती. काळा बघून एका माणसाला जुना नियम आठवला, आणि त्यानं त्यावर नवा पांढरा रंग दिला. नायट्रोजनला वास नाही, चव नाही, श्वास कोंडल्याची जाणीवही तो होऊ देत नाही. आपण श्वासात जी हवा घेतो तिच्यातला बराचसा भाग तोच असतो. फक्त त्याच्याबरोबर दुसरं काही आलं नाही तर माणूस मरतो.

मग तो आणि खोलीतले तीन, अशा चारही सिलिंडरांवर लाल चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या, खोलीला कुलूप लावलं आणि डॉक्टर अक्लानकडे गेले.

ऐकून त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "त्याला सांगू नकोस."

"डॉक्टर, बुरैकाला तीन गेलेत."

"ते मी बघतो. होडीवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवतो. सही करतो, शिक्का मारतो. पण अवदला आज नाही. निदान माती होऊ दे. नबीहा, माणूस आहे तो. त्यानं स्वतःच्या हातानं जोडलाय तो."

मलाही तेच हवं होतं, हे कबूल करते. त्यांना कधीच कळू नये, मला कधीच सांगावं लागू नये. मी चिठ्ठी लिहिली, डॉक्टरांनी सही केली आणि मी धक्क्यावर गेले. सालमीन होडीत जाळं आवरत होता. त्यानं चिठ्ठी घेतली, उलटसुलट करून बघितली.

"देतो," तो म्हणाला. "पण ऐकतील का, सांगता येत नाही. तिथं अफवा किती उठतायत! परवा कुणीतरी म्हणालं, पाण्यात विष आहे, तर लोक दोन दिवस तहानले राहिले. आणि सिलिंडर अवदचे आहेत. तिथली नर्स मला म्हणाली, अवदच्या हातचा रंग आहे, आता मला चिंता नाही. तुमची चिठ्ठी मोठी की त्याचा रंग?"

"केव्हा जोडणार होते?"

"त्यांचा जुना दुपारपर्यंत पुरेल म्हणत होती."

मी धावत परत आले. दफनाला जेमतेम तास होता. काका अंगणात भिंतीला टेकून बसले होते. शेजारी कुणीतरी दिलेल्या चहाचा ग्लास, त्यावर साय धरलेली. आतून बायकांच्या पाण्याचा आवाज येत होता. मी त्यांच्यासमोर बसले. इतकं कठीण काही मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

"काका, त्या सिलिंडरात ऑक्सिजन नव्हता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काळे होते ते."

"हो."

"सगळे काळे होते. वेल्डिंगचा काळाच असतो."

"नायट्रोजनही काळा असतो, काका. आता. मी खरवडून बघितलं. ठोकलेलं आहे."

त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, दुवा म्हणतायत. मग कळलं, ते मंत्रालयाचं ते पत्र आठवून एकेक ओळ पुटपुटत होते, पांढरा, निळा, राखाडी, आणि शेवटच्या ओळीशी आले तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. दोन बायका दाराशी येऊन बघून गेल्या, त्यांना वाटलं बायकोसाठी रडतायत.

मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. "बुरैकाला दुपारी जोडणार आहेत. चिठ्ठी पाठवतेय, पण सालमीन म्हणतो ते मानणार नाहीत. तुमचा रंग आहे म्हणून."

ते उठले. भिंतीला धरून उठले, पण उठले. आतल्या खोलीच्या दाराशी गेले. आंघोळ घालणाऱ्या बायकांनी त्यांना थांबवलं, अजून कफन व्हायचं होतं. त्यांनी बाहेरूनच दाराला हात लावला आणि म्हणाले, "शफीका, मला जावं लागतंय."

नमाजाला जमलेल्या शेजाऱ्यांत गलका झाला. "अरे, बायकोची माती सोडून कुठं निघालास?" "डोकं फिरलंय बिचाऱ्याचं, धरा त्याला." एका म्हाताऱ्यानं त्यांचा दंड धरला. काकांनी तो हळूच सोडवला. "अजून कुणाचीतरी बायको आहे तिकडे," ते म्हणाले आणि चालू लागले. जाताना त्यांनी आपल्या किल्लीनं गॅसची खोली उघडून काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेतला.

आम्ही खालाला त्यांच्याशिवाय नेलं. आमच्याकडे बायका कबरीपर्यंत जात नाहीत, पण त्या दिवशी खांदा द्यायला माणसं कमी होती आणि कुणी मला परत फिरवलं नाही. खड्ड्यात उतरायला नवऱ्याच्या जागी शेजारचा न्हावी उतरला. सगळे मला विचारत होते, अवद कुठे आहे. मी सांगत होते, कामावर. त्यांना ते किती वाईट वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मी काही खुलासा केला नाही. माती टाकत असतानाच खाडीकडून तोफांचे आवाज सुरू झाले आणि लोक भराभर पांगले.

काका तिसऱ्या प्रहरी परत आले. फूता गुडघ्यापर्यंत खाऱ्या पाण्यानं भिजलेला, हात मनगटापर्यंत काळे. त्यांनी सरळ माझ्याकडे येऊन सांगितलं, कामाचा अहवाल द्यावा तसं.

"एक पलंगाशी नेला होता. रेग्युलेटर नर्सच्या हातात होता. एक विशीतला माणूस, पोटात गोळी. नर्स म्हणाली, अवद काका, तुम्ही स्वतःच रंगवलेला हा. मी म्हटलं, म्हणूनच आलोय. तिन्हींचे खांदे काळे केले आणि वर गॅसचं नाव लिहिलं. मोठ्या अक्षरांत. त्यांना कळेपर्यंत दाराशी उभा राहिलो." मग म्हणाले, "झालं का तिचं?"

"झालं, काका."

"कोण उतरलं?"

"न्हावी."

त्यांनी मान हलवली. "बरा माणूस आहे."

आम्ही कबरस्तानात गेलो. तिच्या डोक्याशी कुणीतरी एक दगड उभा केला होता, बस. ते मातीजवळ बसले. मी थोडी मागे उभी राहिले. मी ठरवलं होतं की आता पुढचं काही बोलायचं नाही. गॅसचं सांगितलं, ते सांगावंच लागत होतं, त्यात जीव गुंतले होते. पण त्या तीन मिनिटांत काय झालं ते कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. ते माझ्यापाशीच राहिलं तरी कुणाचं बिघडणार नव्हतं.

"नबीहा." ते वळले नाहीत. "तिला मास्क आवडत नसे. लहान पोरासारखा काढून टाकायची. तेव्हाही काढला का तिनं?"

मी नाही म्हणू शकत होते. शांत झोपली म्हणू शकत होते, आणि तेही अर्धं खरंच होतं. त्यांनी त्या दिवशी माझ्याकडून एक सत्य ऐकलं होतं आणि त्यापायी बायकोची माती गमावली होती. दुसरं त्यांनी स्वतःहून मागितलं होतं.

"दोनदा काढला," मी म्हटलं. "दोनदा मी परत लावला. दुसऱ्यांदा हातानं दाबून धरला. आणि मी गोळी पंधरावर नेली, काका. मीच वाढवलं."

मला वाटलं आता ते मला मारतील, आणि मला ते हवं होतं.

मग त्यांनी काळे हात मातीत पालथे ठेवले. "खांदा पांढरा होता," ते म्हणाले. "तू लावणारच होतीस. मीच तर शिकवलं होतं."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि रडायला लागले, मोठ्यानं, मूल रडतं तसं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवायला उचलला होता, पण रंग अजून ओला होता, म्हणून तो त्यांनी तसाच हवेत धरून ठेवला.